कलपाखालचा माणूस

पत्र आलं तेव्हा ब्रशकाकांनी ते तीनदा वाचलं, आतला फोटो खिडकीशी नेऊन पाहिला आणि दोन्ही परत पाकिटात घालून पाकीट हातातल्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलं. उद्या उत्तर लिहू, असं स्वतःला सांगितलं. मग ते पुस्तक वाचून संपलं, पाकीट दुसऱ्या पुस्तकात गेलं, तेही अर्ध्यावर आलं, आणि उद्या काही उजाडला नाही.

पत्र दूरच्या एका गावातल्या वृद्धाश्रमाच्या संचालिकाबाईंचं होतं. अक्षर मोठं, घाईत लिहिलेलं. 'आमच्या सूचनाफलकावर तुमच्या भागातल्या एका हरवलेल्या गृहस्थांचं पत्रक लावलेलं आहे. त्यावरच्या फोटोच्या कोपऱ्यात तुमच्या स्टुडिओचा शिक्का दिसतो, म्हणून तुम्हाला लिहिते. आमच्याकडे एक आजोबा आहेत. नाव सांगत नाहीत, फारसे बोलतही नाहीत. मी रोज त्या फलकासमोरून जाते आणि मला वाटतं, केस सोडले तर हाच तो माणूस. पत्रकावरच्या नंबरावर त्यांच्या मुलाला मी फोटो पाठवला होता. त्याने "हे आमचे नव्हेत" असं कळवलं आणि नंतर फोन घेणंच सोडलं. महिनाअखेरीला आजोबांना मोठ्या सरकारी आश्रमात हलवणार आहेत. तिथे ते कुठल्यातरी नव्या नावाने कागदावर चढतील आणि मग कुणी शोधायला आलं तरी सापडणं कठीण. फोटो तुमच्या हातून गेला आहे. तुम्हाला काय वाटतं, एवढंच कळवा.'

एवढंच! पण ब्रशकाकांना तेवढंच तर जमत नसे. आयुष्यभर त्यांनी स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे फोटो सुधारले. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि ब्रशने, पुढे पुतण्याने संगणक आणल्यावर पडद्यावर. ब्रश सुटला, नाव चिकटलं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आलं की ते जरा आणखी मागे सरकत. कुणी मत विचारलं की त्यांच्या तोंडून 'तसंही असेल' याखेरीज काही निघत नसे. आता एका माणसाबद्दल हो म्हणायचं की नाही? हो म्हणावं आणि चूक ठरावं, तर त्या मुलाला पुन्हा लांबची खेप. नाही म्हणावं आणि चूक ठरावं, तर... त्या 'तर'पुढे त्यांचा विचार जात नसे.

हरवलेले गृहस्थ म्हणजे चौकातले घड्याळवाले. बायको गेल्यावर त्यांची आठवण पातळ होत गेली आणि एका सकाळी दुकानाकडे म्हणून निघालेले ते दुकानात पोचलेच नाहीत. त्याला आता सहा-सात महिने झाले होते. पत्रकावरच्या फोटोत काळेभोर केस, काळी मिशी, भुवई जराशी वर. मुलाने सुरुवातीला रात्रीचा दिवस केला. मग स्टुडिओतल्या सूनबाईंनी, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, मदत म्हणून, हाल होऊन केस पिकले असतील तर या शंकेने, मोबाईलमधल्या एका ॲपवर त्याच फोटोला पांढरे केस करून दिले. ते चित्र पाहून एका गावाहून फोन आला, मुलगा दुकान बंद ठेवून धावला, आणि समोर भलतेच आजोबा. चित्रातल्यासारखे मात्र हुबेहूब! पुन्हा एकदा तसंच झालं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिसऱ्यांदा वृद्धाश्रमातला फोटो आला तेव्हा मुलाने तो गिऱ्हाईक उभं असताना, फोन हातभर लांब धरून पाहिला. पांढरं डोकं, पांढरी मिशी, वाढलेली पांढरी खुरटी दाढी. नाही म्हणून टाकलं.

ही हकीगत त्याने स्वतःच सांगितली. ब्रशकाकांच्या हातात दुसरं पुस्तक अर्ध्यावर होतं त्या आठवड्यात तो स्टुडिओत आला आणि वडिलांचा तोच फोटो काउंटरवर ठेवला.

"वहिनी, मोठा करून द्या. चौकटीत बसवून."

सूनबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कुठे लावायचाय?"

"दुकानात. भिंतीवर." तो काउंटरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत म्हणाला. "लोक विचारतात, सापडले का. रोज विचारतात. फोटो लागला की विचारायचे थांबतील."

"अहो पण..."

"पण काय? कुठवर जीव टांगणीला लावून बसू? चांगला करा म्हणजे झालं. कानशिलाजवळ एक पांढरा ठिपका दिसतोय बघा, तेवढा काढून टाका. बाबांचा एक केस पांढरा नव्हता."

मागच्या खोलीच्या दारात ब्रशकाका उभे होते. ते शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं आणि हातातलं पुस्तक मिटून घेतलं.

बाबांचा एक केस पांढरा नव्हता! दर दोन-तीन वर्षांनी घड्याळवाले कुठल्या ना कुठल्या कागदासाठी फोटो काढायला येत, तेव्हा जाताना मागच्या खोलीत डोकावून हळूच म्हणत, "ब्रशवाले, कानशिलाकडे जरा सांभाळा." आणि ब्रशकाका कलपाच्या हातून सुटलेली पांढरी मुळं काळी करत. पंचविशीतच डोकं पिकलेला माणूस तो. लग्नाला उभा राहिला तोच कलप लावून. दर रविवारी न्हाणीघराचं दार लावून घ्यायचे आणि काळे होऊन बाहेर यायचे. मुलाने वडिलांचे खरे केस जन्मात पाहिले नव्हते. आणि केस काही वडील हरवले म्हणून वाढायचे थांबत नाहीत. महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्म्याइतके वाढतात, आश्रमात ते बारीक कापले जातात. सहा महिन्यांत कलपाचा मागमूस राहात नाही. दोन फुकट खेपांनंतर मुलगा पुन्हा काळ्या डोक्याचाच माणूस शोधत होता आणि तसा माणूस आता कुठेच नव्हता.

मुलगा गेला. ब्रशकाका पुढच्या खोलीत आले. सूनबाईंना हे नवीनच होतं.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"तो फोटो मोठा करू नकोस." त्यांनी पुस्तकातून पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "आधी हे वाच."

तिने वाचलं. वाचता वाचता कपाळाला हात लावला. "तीन आठवडे! काका, तीन आठवडे हे पाकीट पुस्तकात आणि तुम्ही 'चहात साखर कमी आहे' एवढंसुद्धा बोलला नाहीत!"

"चहाचं बोलणं सोपं असतं." ते खाली बघत म्हणाले. "महिना संपायला चार-पाच दिवस आहेत. मला हा फोटो संगणकात घ्यायचाय. मोठ्यात मोठा."

"एवढंच ना? मी आत्ता करते." सूनबाई हाताने झपझप. तिने आश्रमातल्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढला, ॲपला 'केस काळे कर' असं सांगितलं आणि चहाचा घोट घशाखाली उतरेपर्यंत चित्र पुढे धरलं. "घ्या. काळे."

काळे होते खरे. पण खाली एक टवटवीत गृहस्थ होता. डोळे मोठे, नाक धारदार, गालावरची पाटी कोरी.

"हा कोण?" ब्रशकाकांनी विचारलं.

"घड्याळवालेच की. जरा तरुण झालेत."

"मी तरुण कर म्हटलं नव्हतं. दे इकडे, वजाबाकी करून बघू."

दोन चित्रं एकावर एक ठेवून एकातून दुसरं वजा करायची सोय संगणकात असते. जिथे काही बदललं नाही तिथे पडदा ठार काळा होतो, आणि जिथे बदल झाला तिथे उजेड दिसतो. त्यांनी दोन्ही चित्रं नीट जुळवून वजाबाकी केली. डोक्याचा भाग उजळला, ते ठीकच होतं. पण खाली नाक उजळलं, पापण्या उजळल्या, ओठांच्या कडा उजळल्या, हनुवटी तर चांगली झगमगली.

"बघ. केसांना सांगितलं आणि सगळा चेहरा कामाला लागला. पांढरे केस म्हटलं की ते सुरकुत्या आणतं, काळे म्हटलं की पुसतं. त्याने हजारो म्हातारे पाहिलेत, त्यातला एक सरासरी म्हातारा काढून देतं. म्हणून तर तो मुलगा भलत्याच आजोबांपाशी जाऊन पोचला."

सूनबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे त्या दोन खेपा माझ्यामुळे."

"खेपांचा हिशेब नंतर," ब्रशकाका म्हणाले. एवढ्या ठाम आवाजात ते कधी बोलले होते हे दोघांनाही आठवेना. "आता केसांखेरीज एका ठिपक्यालाही हात लावायचा नाही."

त्यांनी ठरवलं ते असं : पत्रकावरच्या घड्याळवाल्यांचे केस पांढरे करायचे, आश्रमातल्या आजोबांचे काळे. म्हणजे दोन पांढरी डोकी शेजारी शेजारी आणि दोन काळी. मग बघणाऱ्याच्या डोळ्याला केसांवर अडखळायला जागाच राहणार नाही. चेहरे जुळले तर जुळतील. नाही जुळले तर तसं पत्राला उत्तर जाईल. पण उत्तर जाईल.

पहिल्यांदा त्यांनी दोन्ही फोटोंत केसांची हद्द आखली. कपाळावर सरळ रेघ मारली तर टोपी घातल्यासारखं दिसतं, म्हणून जिथे केस विरळ होत कातडीत मिसळतात तिथे हद्दही विरळ ठेवली. तिच्यापलीकडचं सगळं त्यांनी कुलूपबंद करून टाकलं, हात चुकून घसरला तरी रंग तिथे पोचू नये म्हणून.

आजोबांचे पांढरे केस काळे करणं त्यातल्या त्यात सोपं होतं. वरून काळा रंग फासला तर हेल्मेट होतं. म्हणून त्यांनी आधी गडद छटेचा पातळ थर दिला, खालची चमक आणि बटांच्या रेषा दिसत राहतील असा. खिडकीकडच्या बाजूला उजेडाने केस पांढरेधोप होऊन तपशीलच उडाला होता, तिथे एकेक केस काढावा लागला. काळे केस पांढरे करताना उलटी पंचाईत. गडद भागात फोटोनेच काही टिपलेलं नसतं, तो नुसता उजळला की राखेचा गोळा होतो. तिथे पांढरे केस नव्याने ओढायचे, आणि तेही सगळे सारखे नव्हेत. कानशिलाशी दाट, मागे मागे थोडे राखी, मधूनच एखादा काळा राहिलेला. कानशिलाशी मुळं किती वर जात, भांगाच्या कुठल्या बाजूला जास्त दिसत, हे त्यांच्या हाताला आठवत होतं. जी मुळं त्यांनी वर्षानुवर्षं झाकली होती ती आता ते एकेक करून उघडी करत होते.

दुपारी पुतण्या डोकावला, पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, आज एकदम फॉर्मात! गिऱ्हाइकाने पैसे आगाऊ दिलेत की काय?"

"तू पुढे बस," सूनबाई म्हणाल्या. "आज ते तुला घाबरत नाहीयेत."

संध्याकाळपर्यंत आजोबांचं काळं डोकं तयार झालं. मिशीही काळी झाली. सूनबाईंनी खुर्ची ओढली.

"काका, तुम्ही चेहरा उजळलात."

"नाही."

"उजळलाय हो! मघाशी किती रापलेला दिसत होता."

ब्रशकाकांनी एक कागद कापून चेहऱ्याच्या आकाराचं भोक पाडलं आणि पडद्यावर असा धरला की केस झाकले जावेत, नुसता चेहरा दिसावा. मग केसांचा थर बंद केला, चालू केला. चेहरा आहे तसाच. "पांढऱ्याशेजारी तोच रंग काळवंडतो, काळ्याशेजारी तोच उजळतो. डोळा फसतो. माझाही फसतो. दुपारभर हात शिवशिवत होता चेहरा सारखा करायला."

"मग जरा गालपण भरा ना," ती एकदम म्हणाली. "किती बसलेत बघा. पत्रकातले गाल गुबगुबीत आहेत. थोडे भरले आणि ही दाढीची खुंटं काढली की मुलगा बघताक्षणी हो म्हणेल."

"हो, म्हणेल." ब्रशकाका थांबले. हे त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं, एकदा नव्हे. गाल भरणं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. "कुठल्याही म्हाताऱ्याचे गाल मी घड्याळवाल्यांसारखे भरू शकतो गं. मग तो हो कुणाला म्हणेल? माझ्या हाताला. दाढी काढायची तर खालची कातडी मला मनाने रंगवावी लागेल. खालची कातडी मी पाहिलेली नाही. राहू दे. गाल बसलेत ते बसलेतच."

"आणि त्याने परत नाही म्हटलं तर?"

"तर नाही." ते म्हणाले आणि दुसऱ्या फोटोकडे वळले.

दुसऱ्या दिवशी चारही चित्रं छापून झाली. आता मुलाला बोलवायचं होतं. सूनबाई फोन करते म्हणाल्या, तर ब्रशकाकांनी पायात चपला सरकवल्या आणि स्वतःच निघाले. चौकात पोचेपर्यंत त्यांनी बोलायची वाक्यं चारदा जुळवली आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताच ती सगळी पळाली.

मुलगा डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात चिमटा घालत होता. "या काका. झाला फोटो मोठा?"

"नाही. तो मी करणार नाही."

त्याने भिंग काढलं. "म्हणजे?"

"म्हणजे... तुझ्या बाबांचे केस पांढरे होते. तुझ्या जन्माच्या आधीपासून. ते कलप लावायचे आणि राहिलेलं मी लावायचो, फोटोत. आश्रमातला जो फोटो तू पाहिलास त्यात कलप नाहीये." एका दमात एवढं बोलून ते धापा टाकू लागले.

"काका, पुरे." मुलाने चिमटा खाली ठेवला. "चित्रं पुरे झाली. दोन वेळा गेलो मी. चित्रासारखा म्हातारा समोर बसलेला, आणि तो माझा हात धरून 'आलास का' म्हणाला. सोडवून घेताना मला काय झालं ते माझं मला माहीत. आता नको."

एरवी ब्रशकाका 'तसंही असेल' म्हणून मागे फिरले असते. आज त्यांनी काउंटरवरच्या घड्याळांमध्ये जागा केली. "ते चित्र चुकलं होतं. त्यात चेहराच बदललेला होता. हे तसं नाही. मी यात चेहऱ्याला शिवलेलो नाही, आणि शिवलेलो नाही हे तुला दाखवतो. बघून नाही म्हणालास तर तुझा फोटो आज संध्याकाळी चौकटीत बसवून देईन. फुकट."

आधी त्यांनी स्वतः केलेल्या चित्राच्या वजाबाकीचा छापील कागद ठेवला. मधोमध केसांचा एक उजळ घेर आणि मिशीची उजळ पट्टी, बाकी सगळं मिट्ट काळं. "जिथे काळं आहे तिथे मूळ फोटो जसाच्या तसा आहे. कपाळ बघ, डोळे बघ. काही नाही."

मुलाने तो कागद तपासला, घड्याळ तपासावं तसा, भिंग लावून, कडेकडेने. मान हलवली. मग ब्रशकाकांनी आधी दोन पांढरी डोकी शेजारी ठेवली. त्याने पत्रकावरच्या वडिलांचं पांढरं डोकं पाहिलं आणि हसला. "हे बाबा? असे? आजोबांसारखे दिसतात, माझ्या आजोबांसारखे." मग नजर शेजारच्या चित्रावर गेली आणि हसू अर्ध्यावर थांबलं.

ब्रशकाकांनी काळी जोडी पुढे सरकवली.

मुलगा बराच वेळ आश्रमातल्या त्या माणसाकडे बघत राहिला. बसलेले गाल, खुरटी दाढी, वर काळे केस. दुकानातली घड्याळं आपापल्या वेळेने टिकटिकत होती. बाहेर कुणीतरी "पट्टा बदलून मिळेल का?" असं विचारलं आणि उत्तर न मिळाल्यामुळे निघून गेलं.

"चिडलेत," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"बाबा चिडलेत इथे. कुणीतरी न विचारता फोटो काढलाय. न विचारता काही केलं की हनुवटी अशी आत घेतात आणि एका भुवईने बघतात. मला शाळेत असताना रोज बघायचे." त्याने चित्र उचललं आणि उजेडाकडे धरलं. "काका, हे माझे बाबा आहेत. आणि मी त्या बाईंना म्हणालो, हे आमचे नव्हेत."

"तू केस पाहिलेस."

"पण मी मुलगा आहे ना त्यांचा!"

ब्रशकाकांनी खिशातल्या पाकिटावरचा फोन नंबर त्याच्यापुढे धरला.

संचालिकाबाईंनी फोन उचलला. मुलाला बोलता येईना, तेव्हा ब्रशकाकांनीच दोन वाक्यांत सांगितलं की मुलाला ओळख पटली आहे, आजोबांना फोनवर आणता येईल का. बाई म्हणाल्या, ते बोलत नाहीत, पण आणते. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग श्वास.

"बाबा," मुलगा म्हणाला. "मी बोलतोय. बाबा?"

मुलाने फोन आणखी घट्ट धरला. इतक्यात मागच्या भिंतीवरच्या एका घड्याळाने अकराचे ठोके द्यायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने.

"दुकानातून बोलतोयस?" फोनमधून एक खरखरीत, वैतागलेला आवाज आला. "गिऱ्हाईक उभं असेल. आधी त्याला बघ."

मुलगा स्टुलावर बसला, तोंडावर हात ठेवून. मग हसला, मग रडला, आणि तेवढ्यात "हो बाबा, बघतो बाबा" असं तीन-चारदा म्हणून गेला.

तो दुपारच्या गाडीने निघाला. निघताना चारही चित्रं घेऊन गेला आणि भिंतीवरच्या फोटोचं काम रद्द केलं. ब्रशकाका परत स्टुडिओत आले, मागच्या खोलीत बसले आणि एक कोरा कागद पुढे ओढला. पहिली ओळ दोनदा खोडली. तिसऱ्यांदा न खोडता लिहीत गेले. उशिराबद्दल क्षमा मागितली, फार लांबण न लावता. तुम्हाला रोज जे वाटत होतं ते बरोबर होतं, असं लिहिलं. मग जरा विचार करून आणखी एक ओळ घातली : 'मुलगा पोचेपर्यंत कुणी हौसेने त्यांना कलप लावू नये ही विनंती. त्याला ते आहेत तसे बघू द्या.'

सूनबाईंनी खांद्यावरून वाचलं. "काका, तो उद्या सकाळी तिथे असेल. तुमचं पत्र पोचेपर्यंत ते दोघं इथे परत आलेले असतील."

"येऊ देत."

"मग कशाला? फोनवर सगळं बोलणं झालंय की."

"पत्र मला आलं होतं," ब्रशकाका म्हणाले. "फोन मी दुसऱ्याच्या दुकानातून केला."

त्यांनी तिकीट चिकटवलं, ते नीट बसलंय ना हे नखाने पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट फटीत घातल्यावर ते क्षणभर धरून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. या वेळी त्यांनी ते सरळ सोडून दिलं.